फ्लुमाझेनिल: गुंगी उतरवणाऱ्या औषधाने फिट का येते?

दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणू. दोघेही काल्पनिक आहेत, पण गुंगी देण्याचं काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

पहिला ४८ वर्षांचा गृहस्थ. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची आहे, म्हणून शिरेतून मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध थोडं थोडं करत एकूण ४ मिलिग्रॅम दिलं. तपासणी नीट पार पडली. दुर्बीण बाहेर निघाली, पोटातली ओढाताण थांबली आणि गडी गाढ झोपी गेला. घोरायला लागला. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ९७ वरून ८९ वर आला. हाक मारली तरी डोळे उघडेनात. डॉक्टरांनी फ्लुमाझेनिल ०.२ मिलिग्रॅम दिलं, मिनिटभर थांबून आणखी ०.२ दिलं. दीड-दोन मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "झालं का?"

दुसरी ६१ वर्षांची बाई. तपासणी तीच. तिला मात्र ४ मिलिग्रॅमने काहीच झालं नाही. ती बोलत होती, पाय आखडत होती. शेवटी ९ मिलिग्रॅमवर ती शांत झाली. दुर्बीण निघाल्यावर तिचंही तेच झालं: घोरणं, आकडा ८८. तेच औषध दिलं. ०.२, मग ०.२, मग पुन्हा ०.२. बाईंनी डोळे उघडले, पण नजर भेदरलेली होती. नाडी ७८ वरून १३० वर गेली, हात थरथरू लागले, अंगाला घाम फुटला. मिनिटभराने मान एका बाजूला वळली, अंग ताठ झालं आणि हातापायांना झटके सुरू झाले. पूर्ण शरीराची फिट.

बाहेर बसलेल्या मुलीला विचारल्यावर कळलं की आई नऊ वर्षांपासून रोज अल्प्राझोलॅम घेते. सकाळी, दुपारी आणि रात्री अर्धा मिलिग्रॅम, झोप नाही लागली तर रात्री एक जास्तीची. फॉर्मवर तिने ते लिहिलं नव्हतं. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, 'झोपेची गोळी' होती.

औषध एकच, मात्रा जवळपास सारखी, कारणही तेच. तरी एक जागा झाला आणि दुसरीला फिट आली. हा फरक औषधाच्या रेणूत शोधायला गेलो तर सापडत नाही. तो त्या दोन मेंदूंमध्ये आहे.

ब्रेक आणि ब्रेकवरचा हात

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत दोन प्रकारचे निरोप देत असतात. एक म्हणजे 'पेटून उठ', तो मुख्यतः ग्लुटामेट नावाच्या रसायनातून जातो. दुसरा म्हणजे 'गप्प बस', तो गाबामधून जातो. दोन्ही निरोप अखंड चालू असतात आणि त्यांच्या तोलावर आपण जागे, शांत, झोपलेले किंवा घाबरलेले असतो.

गाबा जिथे जाऊन चिकटतो त्याला गाबा-ए रिसेप्टर म्हणतात. हा पाच प्रथिनांच्या तुकड्यांचा बनलेला असतो. पाच फळ्या गोलाकार उभ्या करून मध्ये पोकळी सोडावी तशी रचना. ही पोकळी म्हणजे पेशीच्या भिंतीतलं छोटं दार. गाबा त्याच्या ठरलेल्या दोन जागांवर बसला की दार उघडतं, बाहेरचे क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो. अशी पेशी सहजासहजी पेटत नाही. हाच मेंदूचा ब्रेक.

डायझेपाम, अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलॅम ही सगळी बेन्झोडायझेपिन घराण्यातली औषधं. ती गाबाच्या जागेवर बसत नाहीत. त्यांची बसायची जागा वेगळी आहे, अल्फा आणि गॅमा या दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत. तिथे बसून ती दार स्वतः उघडतही नाहीत. ती एवढंच करतात की गाबा आला की दार अधिक वेळा उघडतं. ब्रेकवर पाय गाबाचाच, बेन्झोडायझेपिन त्या पायावर हात ठेवून थोडा जोर वाढवतं, असं समजा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गाबा जेवढा असेल तेवढाच त्याचा जोर वाढवता येतो, त्यामुळे या औषधांच्या परिणामाला एक छत असतं. म्हणून फक्त बेन्झोडायझेपिनच्या गोळ्या जास्त प्रमाणात खाल्लेला माणूस बहुधा दीर्घ झोपेत जातो, पण त्याचं हृदय आणि रक्तदाब सहसा ठीक असतात. जीव जातो तो बऱ्याचदा सोबत दारू किंवा अफूजन्य औषध असतं तेव्हा. बार्बिट्युरेट मात्र जास्त मात्रेत गाबाशिवायही ते दार उघडू शकतात, म्हणून त्यांचा अतिरेक जास्त घातक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

खुर्ची अडवून बसणारा

बेन्झोडायझेपिनची मेंदूत ठराविक जागा आहे हे १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. जागा कळली की ती अडवणारा रेणूही शोधता येतो. हॉफमन-ला रोश कंपनीच्या बाझलमधल्या संशोधकांनी १९८१ मध्ये असा एक रेणू जाहीर केला. तेव्हा त्याला 'आरओ १५-१७८८' असं नाव होतं. नंतर तोच फ्लुमाझेनिल झाला. अमेरिकेत त्याला १९९१ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली.

रचनेने फ्लुमाझेनिल त्याच घराण्यातलं आहे. म्हणूनच ते त्याच खाचेत घट्ट बसतं. पण बसून काहीच करत नाही. दाराचं उघडणं ना वाढवतं, ना कमी करतं. कार्यालयात एखादा माणूस साहेबाच्या खुर्चीत येऊन नुसता बसून राहावा, ना सही करावी ना कुणाला अडवावं, पण तो बसल्यामुळे साहेबाला बसता येत नाही, तसं. निरोगी आणि कधीही ही औषधं न घेतलेल्या माणसाला फ्लुमाझेनिल दिलं तर सामान्यतः त्याला विशेष काही जाणवत नाही. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांमध्ये मात्र त्याने पॅनिकचा झटका येऊ शकतो, हे आधीच नोंदवून ठेवतो.

त्याच खाचेत बसून उलटा परिणाम करणारे रेणूही आहेत. काही बीटा-कार्बोलिन रसायनं तिथे बसली की दार आणखी कमी उघडतं. प्राण्यांना ती दिली तर झटके येतात. फ्लुमाझेनिल त्या जातीतलं नाही. उलट ते या रसायनांचाही परिणाम पुसून टाकतं. म्हणून 'फ्लुमाझेनिल मेंदूला झटके देतं' हे वाक्य ऐकलं की मला खटकतं. ते मेंदूला काहीही देत नाही. ते फक्त काढून घेतं, आणि फिट काढून घेण्यातून येते.

खुर्चीची ही लढत संख्येची आहे. जवळपास फ्लुमाझेनिलचे रेणू जास्त असतील तर बहुतेक खाचांत तेच बसतात. बेन्झोडायझेपिनचे जास्त असतील तर ते बसतात. कुणीही कायमचं चिकटत नाही. दोन्ही रेणू सतत उठबस करत असतात, आणि ज्याची गर्दी जास्त त्याच्या वाट्याला जागा जास्त.

म्हणूनच फ्लुमाझेनिल थोडं थोडं द्यायचं असतं. गुंगी उतरवण्यासाठी नेहमीची पद्धत अशी: ०.२ मिलिग्रॅम पंधरा सेकंदांत, मग पाऊण मिनिट थांबायचं, पाहायचं, गरज असेल तर पुन्हा ०.२, असं एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत. परिणाम एक-दोन मिनिटांत दिसायला लागतो आणि पूर्ण जोर सहा ते दहा मिनिटांनी येतो. सगळं एकदम ढकललं की सगळ्या खुर्च्या एकदम रिकाम्या होतात. पहिल्या रुग्णाला त्याने कदाचित नुसतं दचकून जागं होणं झालं असतं. दुसरीच्या बाबतीत ते आगीत तेल ठरलं असतं.

जागा झाला, म्हणजे उतरलं असं नाही

फिटकडे वळण्याआधी दुसरा एक धोका पाहून घेऊ, कारण तो याच खुर्चीच्या हिशेबातून येतो.

फ्लुमाझेनिल यकृतात फार झपाट्याने मोडतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं. मिडाझोलॅमला निम्मं व्हायला दोन तासांच्या आसपास लागतात. दोन्हींचं सुरुवातीचं प्रमाण १०० धरू. तासाभराने फ्लुमाझेनिल ५० उरलं, मिडाझोलॅम ७०. दोन तासांनी २५ आणि ५०. तीन तासांनी फ्लुमाझेनिल १२, मिडाझोलॅम ३५. म्हणजे अडवणारा उठून चालला आणि साहेब अजून दारातच उभा आहे. खुर्च्या पुन्हा त्याच्या ताब्यात जातात. डायझेपामच्या बाबतीत ही दरी कितीतरी मोठी असते, कारण ते स्वतः दिवसभर रेंगाळतं आणि शरीरात त्याच्यापासून तयार होणारं रसायन त्याहूनही जास्त काळ टिकतं.

त्यामुळे पहिल्या रुग्णाला जाग आली म्हणून कपडे घालून घरी पाठवायचं नसतं. किमान दोन तास त्याच्यावर लक्ष ठेवायचं, मात्रा मोठी असेल किंवा औषध लांबणारं असेल तर आणखी. शिवाय जाग येणं आणि श्वास पूर्ववत होणं या एकच गोष्टी नाहीत. फ्लुमाझेनिल झोप उतरवतं याची खात्री आहे, श्वासाची मंदावलेली गती ते नक्की सुधारेल याची तेवढी नाही.

नऊ वर्षांची रस्सीखेच

आता दुसऱ्या बाईंच्या मेंदूत नऊ वर्षं काय घडत होतं ते पाहू.

रस्सीखेच आठवा. एका बाजूला शांत करणारी टोळी, दुसऱ्या बाजूला चेतवणारी. दोर मध्यभागी स्थिर आहे. आता शांत करणाऱ्या टोळीला अल्प्राझोलॅम नावाचा दांडगा गडी येऊन मिळाला. पहिले काही दिवस दोर त्या बाजूला सरकतो: भीती कमी होते, झोप लागते. पण मेंदूला तोल हवा असतो. मग दोन्हीकडे बदल होऊ लागतात.

शांत करणाऱ्या टोळीतले मूळचे गडी ढिले पडतात. बेन्झोडायझेपिनची खाच आणि गाबाची जागा यांच्यातला जो सांधा असतो तो सैल होतो. औषध बसतं, पण त्याचा जोर दारापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. काही रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढून घेतले जातात. नव्याने तयार होणाऱ्या रिसेप्टरांच्या तुकड्यांची निवडही बदलू शकते, आणि त्यात अल्फा-४ सारखे तुकडे वाढल्याचं प्राण्यांमध्ये दिसलं आहे. गंमत अशी की अल्फा-४ असलेल्या रिसेप्टरच्या खाचेत नेहमीची बेन्झोडायझेपिनं बसतच नाहीत.

समोरची चेतवणारी टोळी मात्र टाचा रोवते. ग्लुटामेटचे निरोप ऐकणारी यंत्रणा अधिक तल्लख होते. काही महिन्यांनी दोर पुन्हा मध्यभागी येतो. बाहेरून बाई पूर्ववत दिसतात. झोप जेमतेम लागते, अर्ध्या मिलिग्रॅमचं पूर्वीसारखं काम होत नाही. यालाच सहनशीलता म्हणजे टॉलरन्स म्हणतात. आणि तो दांडगा गडी आता जास्तीचा राहिलेला नाही, तोल टिकवायला तो आवश्यक झाला आहे. हे अवलंबित्व. ते व्यसनाच्या नैतिक अर्थाने घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घेणाऱ्या, एकही जास्तीची न घेणाऱ्या माणसालाही ते होतं, आणि त्यासाठी नऊ वर्षं लागत नाहीत. रोज घेतल्यास काही आठवड्यांतही मेंदू जुळवून घेऊ लागतो.

तपासणीच्या वेळी ४ मिलिग्रॅम मिडाझोलॅमने बाईंना काहीच झालं नाही ते याचमुळे. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात मोठा इशारा तोच होता. सडपातळ, साठी ओलांडलेली बाई ४ मिलिग्रॅम पचवून गप्पा मारते, हे वयाच्या हिशेबाने उलटं आहे. वय वाढतं तशी कमी मात्रा पुरते. कुणी तेव्हा हात थांबवून विचारलं असतं, "काकू, झोपेची किंवा टेन्शनची गोळी घेता का?", तर पुढचं टळलं असतं.

एका मिनिटात आठवड्याचं काम

बाईंनी घरी एकदम अल्प्राझोलॅम बंद केलं असतं तरी त्रास झालाच असता, पण सावकाश. अल्प्राझोलॅम रक्तात निम्मं व्हायला साधारण अकरा तास लागतात. म्हणजे खुर्च्या एक-दोन दिवसांत हळूहळू रिकाम्या होतात. आधी बेचैनी, मग थरथर, घाम, झोप उडणं, आवाज आणि उजेड सहन न होणं, आणि काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट. डायझेपामसारखं लांबणारं औषध असेल तर हा उतार आठवडाभर पसरतो. हळूहळू उतरणारा उतार मेंदूला थोडी सवड देतो. म्हणूनच ही औषधं बंद करायची तर मात्रा आठवडे-महिने लावून कमी करतात.

फ्लुमाझेनिल हा सगळा उतार एका मिनिटात पार करतं. रक्तात अल्प्राझोलॅम आहे, मिडाझोलॅमही भरपूर आहे, पण खुर्च्या दुसऱ्याने अडवल्यामुळे दोन्ही निरुपयोगी. मेंदूच्या दृष्टीने औषध क्षणात नाहीसं झालं. रस्सीखेचमध्ये एका बाजूच्या दांडग्या गड्याने अचानक दोर सोडून दिला, उरलेले गडी तर नऊ वर्षांत ढिले पडलेले, आणि समोरचे टाचा रोवून उभे.

मेंदूच्या बाह्यावरणात आणि हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात लाखो पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एरवी गाबाच्या पेशी त्यांना वेगवेगळ्या वेळी पेटू देतात, सगळ्यांना एकदम नाही. हा पहारा ढिला पडला की शेजारी शेजाऱ्याला पेटवतो, तो पुढच्याला, आणि थोड्याच क्षणांत मोठा समूह एकाच तालात पेटू लागतो. त्या तालाचं दिसणारं रूप म्हणजे फिट. बाईंची आधीची लक्षणं, नाडी, घाम, थरथर, भेदरलेली नजर, हाच बिघाड खालच्या पायरीवर असताना दिसत होता. ती लक्षणं दिसताच पुढची ०.२ ची मात्रा थांबवायची असते. पहिल्या दोन मात्रांनंतर चेहरा घाबरलेला दिसला तर 'अजून पूर्ण जाग आली नाही' असं समजून आणखी देणं, ही चूक सहज होते.

या धोक्याला अनेक जण नालोक्सोनची उपमा देतात, कारण तेही अफूजन्य औषधांच्या जागा अशाच अडवतं. उपमा अर्धीच बरोबर आहे. नालोक्सोनने अवलंबित माणसाला भयंकर त्रास होतो, उलट्या, अंगदुखी, तळमळ, पण त्यातून फिट येणं हे नेहमीचं चित्र नाही. बेन्झोडायझेपिनच्या माघारीत फिट येऊ शकते आणि ती जीवघेणीही ठरू शकते. म्हणून बेशुद्ध रुग्णाला 'बघू तरी कशाने झालंय' म्हणून नालोक्सोनसारखं फ्लुमाझेनिल टोचण्याची सवय आज चुकीची मानतात. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यात वर चौकटीत हीच फिटची सूचना छापलेली असते.

फिट आली तर

पहिलं काम सगळीकडे असतं तेच: श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, कुशीवर वळवायचं, ऑक्सिजन द्यायचा, आणि अर्थात फ्लुमाझेनिल थांबवायचं. मग मात्र एक पेच उभा राहतो. फिटवर पहिलं औषध म्हणून आपण लोराझेपाम किंवा डायझेपाम देतो. तीच तर बेन्झोडायझेपिनं, आणि त्यांच्या खुर्च्या आत्ता फ्लुमाझेनिलने अडवलेल्या आहेत.

इथे आधी सांगितलेला संख्येचा हिशेब कामाला येतो. जागा कुणीच कायमची बळकावत नसल्यामुळे जास्त मात्रा दिली की बेन्झोडायझेपिनची गर्दी वाढते आणि ते पुन्हा जागा मिळवतं. म्हणून अशा वेळी नेहमीपेक्षा मोठी मात्रा लागू शकते. तेवढ्यानेही भागलं नाही तर दुसरा रस्ता आहे. बार्बिट्युरेट आणि प्रोपोफॉल त्याच गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात, पण त्यांच्या बसायच्या जागा वेगळ्या. फ्लुमाझेनिल त्यांना अडवू शकत नाही. बार्बिट्युरेट गाबाशिवायही दार उघडू शकतात हे वर आलं होतं, त्याचा उपयोग इथे. प्रोपोफॉलने मात्र श्वास थांबू शकतो, म्हणून नळी घालून श्वास देण्याची तयारी हाताशी हवी.

दिलासा एवढाच की फ्लुमाझेनिल लवकर मोडतं हा दोष इथे गुण ठरतो. तास-दोन तासांत ते बरंच ओसरतं आणि शरीरात आधीपासून असलेलं अल्प्राझोलॅम-मिडाझोलॅम आपल्या जागांवर परततं. बाईंच्या फिटला लोराझेपामच्या दोन मात्रा लागल्या. त्या संध्याकाळी झोपून होत्या, रात्री सावध झाल्या.

ज्यांनी कधी गोळी खाल्लीच नाही

अवलंबित्व म्हणजे वर्षानुवर्षं गोळी घेणारा माणूस असं चित्र मनात बसलं की एक मोठा गट नजरेतून सुटतो: अतिदक्षता विभागातला रुग्ण. न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाला दिवसेंदिवस मिडाझोलॅमचा ड्रिप चालू असतो. आयुष्यात त्याने कधी झोपेची गोळी घेतलेली नसते. पण त्याचा मेंदू त्या ड्रिपशी जुळवून घेतो. नळी काढायच्या वेळी तो जागा होईना म्हणून कुणी फ्लुमाझेनिल दिलं तर त्यालाही तेच होऊ शकतं. माहितीपत्रकात दीर्घकाळ गुंगी दिलेल्या रुग्णांचा उल्लेख फिटच्या संदर्भात मुद्दाम येतो तो म्हणूनच.

ज्या मुलाची किंवा माणसाची अपस्मार म्हणजे एपिलेप्सी क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपामने आटोक्यात आहे त्याच्याबाबत तर उघडच आहे. तिथे ते औषध फिटला धरून ठेवणारा दरवाजा आहे, आणि फ्लुमाझेनिल तो दरवाजा उघडतं. दारू रोज पिणाऱ्यांचा मेंदूही गाबाच्या बाजूने असाच वाकलेला असतो. दारू सोडताना येणारी फिट रोखायला ज्याला बेन्झोडायझेपिन चालू आहे, त्याला फ्लुमाझेनिल देणं म्हणजे तीच फिट बोलावणं.

आणखी एक प्रसंग वेगळा सांगायला हवा, कारण त्यात अवलंबित्व नसतानाही फिट येते. कुणी आत्महत्येच्या प्रयत्नात अॅमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरच्या जुन्या गोळ्या आणि सोबत डायझेपामच्या गोळ्या खातो. अॅमिट्रिप्टिलीनची मोठी मात्रा स्वतःच झटके आणते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. त्याच वेळी खाल्लेलं डायझेपाम तो झटका दाबून ठेवत असतं. फ्लुमाझेनिल दिलं की झाकण उडतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी जलद, त्वचा कोरडी आणि ईसीजीवर हृदयाच्या ठोक्याचा क्यूआरएस नावाचा पट्टा १०० मिलिसेकंदांपेक्षा रुंद, असं चित्र दिसलं तर फ्लुमाझेनिलला हात लावायचा नाही. गोळ्यांची कोणती पाकिटं रिकामी सापडली हे नातेवाइकांनी सांगणं इथे जीव वाचवू शकतं.

मग हे औषध कधी द्यायचं?

प्रामाणिक उत्तर असं की फार थोड्या वेळा. आपल्या पहिल्या रुग्णाचाच विचार करा. त्याच्या हनुवटीला धरून जबडा पुढे उचलला असता, नाकाला ऑक्सिजन लावला असता, तर ८९ चा आकडा बहुतेक मिनिटभरात ९६ वर आला असता. मग अर्धा-पाऊण तास शेजारी बसून राहायचं एवढंच काम. मिडाझोलॅम स्वतःहून उतरतंच. फ्लुमाझेनिलने काम लवकर झालं, पण पुढचे दोन तास तरी कुणी शेजारी बसावंच लागतं, तेव्हा वेळ फारसा वाचला असं नाही. माझं मत विचाराल तर जबडा धरून ठेवण्याची हातोटी या कुपीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडते.

ते द्यावं असे प्रसंग म्हणजे तपासणीसाठी दिलेल्या गुंगीत ज्याचा श्वास खरोखर अडचणीत आला आहे, ज्याच्या जुन्या औषधांची खात्रीने माहिती आहे, ज्याला फिटचा इतिहास नाही. लहान मुलाने चुकून आजीच्या गोळ्या खाल्ल्या आणि दुसरं काही खाल्लेलं नाही याची खात्री असेल, तर काही वेळा तिथेही. झोल्पिडेम वेगळ्या रासायनिक घराण्यातलं असलं तरी त्याच खाचेत बसतं, म्हणून त्याची झोपही फ्लुमाझेनिलने उतरते. दारूची, अफूजन्य औषधाची किंवा बार्बिट्युरेटची मात्र उतरत नाही.

शेवटी एक उलटसुलट वाटणारी गोष्ट. ज्या औषधाने अवलंबित माणसाला एका मिनिटात फिट येते, तेच अगदी थेंबाथेंबाने, दिवसभरात ४ मिलिग्रॅमच्या आसपास, असं काही दिवस शिरेतून किंवा त्वचेखालून देऊन बेन्झोडायझेपिन सोडवण्याचे प्रयोग झाले आहेत. प्राण्यांमध्ये फ्लुमाझेनिलच्या स्पर्शाने तो सैल झालेला सांधा पुन्हा घट्ट होताना दिसला होता, त्यावरून ही कल्पना आली. मात्रा इतकी हळू असते की खुर्च्या एकदम रिकाम्या होत नाहीत. तरीही अशा उपचारातही फिट आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तो कडक देखरेखीखालीच केला जातो. रेणू तोच, फरक फक्त वेगाचा.

आपल्या बाईंकडे परत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अल्प्राझोलॅम नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या मात्रेत परत सुरू केलं. फिट आली म्हणून ते बंद करणं ही दुसरी घोडचूक ठरली असती. कागदपत्रांवर ठळक अक्षरांत लिहिलं: अल्प्राझोलॅम रोज दीड मिलिग्रॅम, नऊ वर्षं, फ्लुमाझेनिल देऊ नये. महिन्याभराने मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन गोळी हळूहळू कमी करण्याचं ठरलं, दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी. मुलीने विचारलं, "म्हणजे किती दिवस लागतील?" डॉक्टरांनी कॅलेंडरची पानं उलटत मोजलं आणि म्हणाले, "आठ-दहा महिने धरून चाला."